नावे पडलेली रक्कम जमा कुठे झाली? : मुदतपूर्व परतफेड उताऱ्यात न दिसल्यास बँकेला लिहावयाचे पत्र

गृहकर्जात मोठी रक्कम वेळेआधी भरावी, पावती जपून ठेवावी आणि चार महिन्यांनी खातेउतारा काढल्यावर त्या रकमेचा मागमूसही दिसू नये, अशी तक्रार ग्रामीण भागातील कर्जदारांकडून वारंवार ऐकू येते. रक्कम दिसत नाही म्हणून व्याज पूर्वीच्याच मुद्दलावर चालू राहते. अशा वेळी कर्जदार बहुधा जे पत्र लिहितो, त्यात संताप पुष्कळ असतो आणि तारखा थोड्या असतात. ‘माझ्याकडून जादा व्याज घेतले, ते परत करा’ एवढ्या मजकुरावर शाखेतील अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. त्याच्यासमोरच्या संगणकात जी बाकी दिसते, तिच्यावर व्याज बरोबरच लागलेले असते. चूक असते ती बाकीत, आणि ती बाकी का चुकली हे त्या उताऱ्यावरून कधीच कळत नाही.

हा प्रकार कसा घडतो, हे समजण्यासाठी शहापूर आणि मुरबाड या शेजारच्या दोन तालुक्यांतील एक कल्पित पण अगदी नित्याचे उदाहरण घेता येईल. मुरबाडच्या बाजारपेठेत एका कुटुंबाचे किराणा मालाचे दुकान आहे. मुरबाडला रेल्वे नाही. मुलांना कल्याण-ठाण्याकडे कॉलेजला व नोकरीला जाणे सोयीचे व्हावे, म्हणून त्यांनी शहापूर तालुक्यात आसनगाव स्थानकाजवळ घर घेतले. घर शहापुरात असल्यामुळे कर्ज बँकेच्या शहापूर शाखेतून मंजूर झाले. बचत खाते मात्र दुकानाशेजारच्या मुरबाड शाखेतच राहिले आणि हप्ता तेथून आपोआप वळता होऊ लागला. बँक एक, शाखा दोन.

जून २०२५ मध्ये या कर्जाची बाकी १२,००,००० रुपये होती. व्याजाचा दर ९ टक्के, मुदत १० वर्षे उरलेली आणि मासिक हप्ता १५,२०१ रुपये. एका मुदत ठेवीचे पैसे हाती आले, तेव्हा त्यातील ३,००,००० रुपये कर्जात भरण्याचे कुटुंबाने ठरवले. १० जून रोजी मुरबाड शाखेत बचत खात्याचा धनादेश आणि भरणा पावती देण्यात आली. पावतीच्या अर्ध्या भागावर शिक्का मिळाला. शहापूरला किन्हवलीमार्गे जाऊन यायचे तर अर्धा दिवस मोडतो, त्यामुळे कर्ज देणाऱ्या शाखेला वेगळे पत्र कोणी दिले नाही. ऑक्टोबरच्या आरंभी उतारा काढला, तेव्हा त्यात ३,००,००० रुपयांची नोंदच नव्हती.

येथे पहिली गोष्ट पाहायची ती हातातील कागद कोणता आहे ही. बँका कर्जदाराला तीन वेगवेगळे कागद देतात आणि पुष्कळदा ते एकच समजले जातात. परतफेड तक्ता हा पुढील हप्त्यांचा केवळ अंदाज असतो. तो नव्याने काढून घेतला नाही, तर जुनेच आकडे दाखवत राहतो. व्याज प्रमाणपत्र आयकरासाठी असते व त्यात वर्षाची बेरीज तेवढी असते. प्रत्यक्ष जमा आणि नावे झालेल्या रकमा तारीखवार दाखवतो तो खातेउतारा. केवळ परतफेड तक्ता पाहून तक्रार केली, तर ‘तक्ता सुधारून देतो’ असे उत्तर मिळते आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. म्हणून कर्ज खात्याचा, रक्कम भरल्याच्या आधीच्या महिन्यापासूनचा, शाखेचा शिक्का असलेला उतारा आधी घ्यावा.

त्याच दिवशी दुसरा उतारा घ्यावा, आणि अनेकांना सुचत नाही तो हाच. तो म्हणजे बचत खात्याचा. आपल्या उदाहरणात १० जून रोजी मुरबाडच्या बचत खात्यातून ३,००,००० रुपये नावे पडलेले दिसतात आणि त्या ओळीत व्यवहार क्रमांक आहे. ज्याने दुकानाची रोजकीर्द एकदा तरी लिहिली आहे, त्याला पुढची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. एक खाते नावे पडल्याशिवाय दुसरे जमा होत नाही, आणि एक नावे पडले तर कोठले तरी दुसरे जमा झालेलेच असते. बँकेच्या संगणकातही प्रत्येक व्यवहार क्रमांकाखाली या दोन्ही बाजू असाव्याच लागतात, अन्यथा दिवसाचा मेळ बसणार नाही. म्हणजे ही रक्कम हरवलेली नाही. ती १० जूनलाच कोणत्या तरी खात्यात जमा झाली आहे, फक्त ते खाते कर्जाचे नाही.

ते खाते कोणते असू शकते? पहिली शक्यता शाखेच्या अंतर्गत खात्याची. पावतीवर कर्ज खाते क्रमांकाचा एखादा अंक पुसट असला किंवा दुसऱ्या शाखेचे कर्ज खाते रक्कम स्वीकारीत नसले, तर कर्मचारी ती रक्कम तात्पुरती सस्पेन्स किंवा संड्री खात्यात ठेवतो. सायंकाळी मेळ बसतो, काम संपते आणि ‘तात्पुरती’ रक्कम तेथेच पडून राहते. दुसरी शक्यता अशी की, त्याच कुटुंबाचे दुकानाचे कॅश क्रेडिट खाते असेल, तर रक्कम त्यात गेलेली असते. हे ओळखणे सोपे आहे, कारण त्या खात्याची बाकी अचानक कमी झालेली दिसते. तिसरी शक्यता थोडी फसवी आहे. रक्कम कर्ज खात्याला पोहोचते, पण मुद्दलात वजा न होता पुढील हप्त्यांपोटी आगाऊ म्हणून बाजूला राहते. गृहवित्त कंपन्यांत मुद्दल कमी करण्याचा लेखी अर्ज नसेल, तर असे होऊ शकते. त्याची खूण म्हणजे जुलैचा हप्ता बचत खात्यातून वळताच होत नाही. हप्ता कापला गेला नाही म्हणून कर्जदार निश्चिंत असतो, आणि मुद्दलावरील व्याज तिकडे चालूच असते. आपल्या उदाहरणात हप्ते नियमित वळते झाले आहेत आणि कॅश क्रेडिट खाते नाही, म्हणून पहिली शक्यता सर्वांत बळकट ठरते.

एवढे समजल्यावर पत्राचा रोख आपोआप बदलतो. व्याजाचा वाद मागे जातो. पुढे येतो तो एकच प्रश्न: या तारखेच्या, या क्रमांकाच्या व्यवहारात कोणते खाते जमा झाले? या प्रश्नाला ‘आमच्या नोंदीत दिसत नाही’ हे उत्तर होऊच शकत नाही, कारण नावे पडल्याची नोंद त्याच बँकेची आहे.

जादा लागलेल्या व्याजाचा आकडा मात्र कर्जदाराने स्वतः काढून पत्रात घालावा. त्यासाठी कर्जाची बाकी, हप्ता किंवा उरलेली मुदत यांपैकी काहीही लागत नाही. वाद फक्त ३,००,००० रुपयांवरील व्याजाचा आहे. ९ टक्क्यांनी त्यावर वर्षाला २७,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७३.९७ रुपये होतात. १० जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत, दोन्ही दिवस धरून, ११३ दिवस भरतात. २७,००० ला ११३ ने गुणून ३६५ ने भागले की ८,३५८.९० रुपये येतात. यात एक छोटी भर पडते. बँक व्याज दर महिन्याच्या अखेरीस खात्यात टाकते, म्हणून जूनच्या जादा व्याजावर जुलैत पुन्हा व्याज लागते आणि तसेच पुढे. महिनावार पाहिले तर जूनच्या २१ दिवसांचे १,५५३.४२, जुलैचे २,३०५.०२, ऑगस्टचे २,३२२.६४ आणि सप्टेंबरचे २,२६४.९० रुपये जादा लागले. एकूण ८,४४५.९८ रुपये. दुसऱ्या पद्धतीने ८७ रुपयेच वाढले, पण पत्रात तोच आकडा असावा, कारण बँकेचा संगणक जुन्या तारखेने हिशेब पुन्हा करील तेव्हा उत्तर त्याच्या जवळ येईल आणि दोन्ही आकडे जुळले की चर्चा संपते.

या काळात व्याजदर बदलला असेल, तर बदलाच्या तारखेला दिवसांचे दोन भाग करावेत. रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ रोजी रेपो दर ६ टक्क्यांवरून ५.५० टक्के केला होता, त्यामुळे रेपोशी जोडलेल्या पुष्कळ कर्जांचे दर नेमके याच सुमारास खाली आले. येथे हिशेब सोपा राहावा म्हणून दर स्थिर धरला आहे.

आता पत्र. बँकेच्या मराठी भाषक ग्राहकाने ते मराठीत लिहिण्यास काहीच हरकत नाही. ते एका पानाबाहेर जाऊ नये.

‘प्रति, मा. शाखा व्यवस्थापक, शहापूर शाखा. प्रत: मा. शाखा व्यवस्थापक, मुरबाड शाखा. दिनांक ६ ऑक्टोबर २०२५.

विषय: गृहकर्ज खाते क्रमांक (पूर्ण क्रमांक) मध्ये दि. १० जून २०२५ रोजी भरलेली ३,००,००० रुपयांची मुदतपूर्व परतफेड जमा न झाल्याबाबत.

महोदय, वरील कर्ज आमच्या नावे आपल्या शाखेत आहे. दि. १० जून २०२५ रोजी मुरबाड शाखेतील आमच्या बचत खाते क्रमांक (पूर्ण क्रमांक) मधून धनादेश क्रमांक (…) द्वारे ३,००,००० रुपये या कर्जाच्या मुद्दलापोटी भरले. ती रक्कम त्याच दिवशी बचत खात्यात नावे पडली असून तिचा व्यवहार क्रमांक (…) असा आहे. कर्ज खात्याच्या दि. १ मे ते ३० सप्टेंबर २०२५ या उताऱ्यात ही रक्कम जमा झालेली नाही.

कृपया पुढील गोष्टी कराव्यात. सदर व्यवहार क्रमांकाखाली १० जून रोजी कोणते खाते जमा झाले, ते लेखी कळवावे. रक्कम कर्ज खात्यात १० जून २०२५ ही मूल्य तारीख धरून जमा करावी. त्या तारखेपासून ३० सप्टेंबरपर्यंत जादा आकारलेले व्याज आमच्या हिशेबाने ८,४४५.९८ रुपये होते, ते परत जमा करावे. १ ऑक्टोबरपासून दुरुस्ती होईपर्यंत दररोज सुमारे ७६.०६ रुपये त्यात वाढतील. मासिक हप्ता १५,२०१ रुपयेच ठेवून मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा.

हप्ते आम्ही नियमित भरत आहोत व भरत राहू. सोबत भरणा पावती, बचत खात्याचा व कर्ज खात्याचा उतारा आणि व्याजाचा हिशेब यांच्या प्रती जोडल्या आहेत. आपला विश्वासू.’

या पत्रातील ‘मूल्य तारीख’ हे दोन शब्द सर्वांत मोलाचे आहेत. बँकेत नोंदीला दोन तारखा असतात. नोंद ज्या दिवशी टाकली ती एक, आणि व्याजासाठी जी धरायची ती दुसरी. तिलाच व्हॅल्यू डेट किंवा मूल्य तारीख म्हणतात. शाखेने चूक सापडल्यावर १५ ऑक्टोबरला रक्कम जमा केली आणि मूल्य तारीखही १५ ऑक्टोबरच ठेवली, तर उताऱ्यात ३,००,००० रुपये दिसतील, कर्जदाराचे समाधानही होईल, आणि चार महिन्यांचे व्याज मात्र बँकेकडेच राहील. असे अर्धवट दुरुस्त झालेले खाते ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दुरुस्तीपूर्वी ३० सप्टेंबरची जी बाकी होती, तिच्यातून सुधारित उताऱ्यातील त्याच तारखेची बाकी वजा करावी. फरक ३,०८,४४५.९८ रुपयांच्या आसपास यायला हवा. तो शून्य किंवा नेमका ३,००,००० आला, तर व्याज परत झालेले नाही. काही बँकांच्या संगणकात जुन्या मूल्य तारखेचा परिणाम पुढच्या व्याज आकारणीत एकदम दिसतो, म्हणून ऑक्टोबर अखेरची व्याजाची ओळ पाहिल्याशिवाय पुन्हा तक्रार करू नये.

मुदत की हप्ता, हेही पत्रात स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. ९ लाखांच्या बाकीवर १५,२०१ रुपयांचाच हप्ता चालू ठेवला, तर कर्ज १२० ऐवजी साधारण ७९ महिन्यांत फिटते. मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे ११,४०१ रुपयांवर येतो. दुकानाची आवक हंगामी असेल तर दुसरा पर्यायही शहाणपणाचा ठरू शकतो. पण निवड कर्जदाराची आहे, आणि ती लिहून दिली नाही तर संगणकातील ठरीव पर्याय लागू होतो.

बँकेचे म्हणणे बरोबर असण्याच्या जागाही आहेत, आणि पत्र पाठवण्यापूर्वी त्या तपासलेल्या बऱ्या. धनादेश दुसऱ्या बँकेचा असेल, तर दिवस मोजायचे ते तो वटून पैसे आल्यापासून, भरल्यापासून नव्हे. करारात व्याज दैनंदिन बाकीवर आहे की महिन्याच्या आरंभीच्या बाकीवर, हेही वाचावे. दुसरा प्रकार असेल, तर १० जूनला भरलेल्या रकमेचा लाभ १ जुलैपासूनच मिळतो. मग जूनचे २१ दिवस गळतात आणि सरळ हिशेबाने मागणी ८,३५८.९० वरून ६,८०५.४८ रुपयांवर येते. मुदतपूर्व परतफेडीबद्दल बँकेने शुल्क लावले असेल, तर तो वेगळा मुद्दा आहे. तरत्या दराच्या गृहकर्जावर असे शुल्क घेण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केली आहे. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारातील अट लागू होऊ शकते.

आणखी एक चूक रागाच्या भरात होते. बँकेने आपले ३,००,००० अडवले, मग आपण हप्ता का भरावा, असे म्हणून बचत खाते रिकामे ठेवले जाते. त्यामुळे हप्ता परत जातो, दंड लागतो, पतनोंदीत थकबाकी दिसते आणि निर्दोष कर्जदार एकाएकी बचावाच्या बाजूला जाऊन बसतो. वाद संपेपर्यंत हप्ता एक दिवसही चुकवू नये.

पत्र दोन प्रतींत न्यावे. एका प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. शहापूरला जाणे जमत नसेल, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावे आणि मुरबाड शाखेत प्रत हाती द्यावी. खरे तर या प्रकरणात शोध मुरबाडलाच लागणार आहे, कारण रक्कम अडकलेले अंतर्गत खाते त्या शाखेचे असण्याचा संभव अधिक. शहापूरचा अधिकारी दुसऱ्या शाखेचे अंतर्गत खाते स्वतः मोकळे करू शकत नाही. ‘ही आमच्या शाखेची चूक नाही’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येते ते यामुळे, आणि दोन्ही शाखांचे नाव एकाच पत्रावर घालण्याचे कारणही हेच आहे. कर्जदाराच्या दृष्टीने बँक एकच आहे.

पोच मिळाल्यापासून ३० दिवस मोजावेत. आपल्या उदाहरणात ती मुदत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. तोवर उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर ती विनाशुल्क नोंदवता येते आणि वकील लागत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असणे ही तेथील पहिली अट आहे, म्हणून शिक्का मारलेली ती प्रत सांभाळावी. बँकेच्या उत्तरानंतर योजनेत ठरलेल्या मुदतीच्या आत लोकपालाकडे गेले पाहिजे. राज्य सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेच्या बाहेर होत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याही तिच्या कक्षेत आल्या आहेत.

कर्ज पतसंस्थेचे असेल, तर मात्र हा मार्ग नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाखाली येत नाही. तिच्यावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो आणि त्या कायद्यातील कलम ३२ सभासदाच्या फार उपयोगाचे आहे. संस्थेशी झालेल्या आपल्या व्यवहारांच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहण्याचा हक्क ते सभासदाला देते. लेखी अर्ज करून ठरलेले शुल्क भरल्यास त्यांच्या प्रतीही एका महिन्यात मिळाव्या लागतात. तेव्हा पतसंस्थेला लिहायच्या पत्रात पहिली मागणी हीच असावी: १० जूनच्या रोजकीर्दीतील आपल्या भरण्याची नोंद आणि आपल्या कर्ज खात्याची खतावणी यांच्या प्रती द्या. रोजकीर्दीत रक्कम आहे आणि खतावणीत नाही, असे दिसले की प्रकरण स्पष्ट होते. त्यानंतर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, आणि तेथेही तड लागली नाही तर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा दाखल करता येतो.

दुरुस्ती झाल्यावर एक काम उरते. व्याज प्रमाणपत्र आधीच घेतले असेल, तर ते रद्द करून नवे मागावे. जुन्या प्रमाणपत्रात व्याज ८,४४५.९८ रुपयांनी जास्त आणि मुद्दलाची फेड ३,०८,४४५.९८ रुपयांनी कमी दाखवलेली असेल, आणि आयकर विवरणपत्रात तेच आकडे उतरतील. नव्या प्रमाणपत्रासोबत सुधारित परतफेड तक्ता आणि ३,००,००० रुपयांसमोर १० जून २०२५ ही मूल्य तारीख दाखवणारा उतारा, हे तिन्ही कागद शाखेच्या शिक्क्यानिशी कर्जाच्या फाइलमध्ये लावून ठेवावेत.